लेखी ताकीद: कामावर वारंवार उशिरा येणे

जावक क्र. मनु/ताकीद/३८/२०२४
दिनांक: १७ ऑगस्ट २०२४

प्रति,
श्री. एस. बी. जाधव
ऑपरेटर, प्रेस शॉप, टोकन क्र. ४१७
चाकण कारखाना

विषय: पहिल्या पाळीला वारंवार उशिरा येण्याबाबत लेखी ताकीद

श्री. जाधव,

पहिली पाळी सकाळी ७ वाजता सुरू होते आणि ७.१० पर्यंत सवलत आहे. २८ जून ते १४ ऑगस्ट २०२४ या काळात तुम्हाला पहिली पाळी तीन आठवडे, म्हणजे १८ दिवस होती. त्यांपैकी ९ दिवस तुम्ही सवलतीची वेळ उलटून गेल्यावर पंच केले आहे. पंचिंग मशीनवरील नोंदी अशा:

२९ जून – ७.२२
१ जुलै – ७.३१
१९ जुलै – ७.१८
२२ जुलै – ७.४४
२३ जुलै – ७.२६
२४ जुलै – ७.१९
९ ऑगस्ट – ७.३५
१२ ऑगस्ट – ७.५२
१३ ऑगस्ट – ७.२७

या नऊ दिवसांचा एकूण उशीर ४ तास ३४ मिनिटे होतो. २० जुलै रोजी राजगुरुनगरहून येणारी कंपनीची बसच उशिरा पोहोचली आणि तुम्ही त्या बसमध्ये होतात. त्यामुळे तो दिवस यात धरलेला नाही. दुसऱ्या व तिसऱ्या पाळीत तुमच्या उशिराची एकही नोंद नाही.

याबाबत ५ जुलै रोजी शिफ्ट सुपरवायझरनी तुम्हाला तोंडी समज दिली होती. २६ जुलै रोजी मनुष्यबळ विभागात तुमच्याशी बोलणे झाले आणि "यापुढे वेळेवर येईन" असे तुम्ही लिहून दिले. ते पत्र फाईलमध्ये आहे. त्यानंतर आलेल्या पहिल्याच पहिल्या पाळीच्या आठवड्यात तुम्हाला पुन्हा तीनदा उशीर झाला.

काल, १६ ऑगस्ट रोजी, कामगार प्रतिनिधींच्या उपस्थितीत तुमचे म्हणणे ऐकून घेतले. तळेगाव चौकातील वाहतूक कोंडीमुळे मोटारसायकलने यायला वेळ लागतो, असे तुम्ही सांगितले. तिथे कोंडी होते हे खरे आहे. मात्र राजगुरुनगरची बस त्याच रस्त्याने येते आणि वरील नऊही दिवशी ती ६.५० च्या आत गेटवर पोहोचल्याची नोंद सुरक्षा विभागाच्या रजिस्टरमध्ये आहे. बसमध्ये तुमच्यासाठी जागा आहे आणि तुमचा थांबाही ठरलेला आहे. त्यामुळे हे कारण मान्य करता येत नाही.

१२ ऑगस्टचा प्रसंग तुमच्या लक्षात आणून देणे आवश्यक आहे. त्या दिवशी तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर रात्रभर काम करून ७ वाजता सुटायला हवा होता. तुम्ही न आल्याने तो ७.५२ पर्यंत १६० टनी प्रेसवर थांबला. जादा वेळेची मजुरी त्याला कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणे दुप्पट दराने मिळेल, पण प्रश्न पैशांचा नाही. रात्रपाळी संपवून थकलेल्या माणसाला पॉवर प्रेससमोर आणखी पाऊण-एक तास उभे करणे धोक्याचे आहे. प्रेसवर बोटे गमावलेल्या कामगाराचे पुढे काय होते, हे प्रेस शॉपमध्ये कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. तुमच्या उशिराची जोखीम तुमच्या सहकाऱ्याच्या हातांवर येते, म्हणून ही बाब किरकोळ समजून सोडून देता येणार नाही.

कारखान्याला लागू असलेल्या स्थायी आदेशांनुसार सवयीने उशिरा येणे हे गैरवर्तन आहे. त्यानुसार तुम्हाला या पत्राद्वारे लेखी ताकीद देण्यात येत आहे. उशिराच्या वेळेपुरती वेतनातून झालेली कपात ही शिक्षा नाही, काम न केलेल्या वेळेचा तो हिशेब आहे. ही ताकीद त्याहून स्वतंत्र आहे.

यापुढे प्रत्येक पाळीला ठरलेल्या वेळी, सुरक्षा बूट व हातमोजे घालून मशीनवर हजर राहावे. खरोखर अडचण आली तर पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरना फोन करावा. उशीर झाल्यावर पाठवलेला निरोप चालणार नाही. १७ नोव्हेंबर २०२४ पर्यंत तुमच्या हजेरीवर लक्ष ठेवले जाईल. या काळात मान्य कारणाशिवाय पुन्हा उशीर झाल्यास आरोपपत्र देऊन खातेनिहाय चौकशी सुरू केली जाईल.

२०१७ पासून तुमच्या कामाच्या दर्जाबद्दल एकही तक्रार नाही, याचीही नोंद या पत्रात घेत आहोत. सकाळी लवकर निघण्यात घरची काही अडचण असेल तर ती सांगावी. पाळी बदलून मिळण्याच्या अर्जाचा विचार करता येईल, पण अर्ज आधी यायला हवा.

या ताकिदीबाबत काही म्हणायचे असल्यास २४ ऑगस्ट २०२४ पर्यंत लेखी द्यावे. ते या पत्रासोबत तुमच्या वैयक्तिक फाईलमध्ये ठेवले जाईल.

(सही)
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

प्रत: विभागप्रमुख, प्रेस शॉप; वैयक्तिक फाईल, टोकन क्र. ४१७

पोच: वरील ताकीदपत्राची प्रत मला आज मिळाली. पत्र मला वाचून दाखवण्यात आले व मजकूर समजला. ही सही केवळ पत्र मिळाल्याची आहे.
(सही) एस. बी. जाधव, १७ ऑगस्ट २०२४