सोमवारी येतेयस ना, त्याआधी एवढं वाच

हाय मृण्मयी,

मी समीर, दुसऱ्या राउंडला व्हिडिओ कॉलवर ज्याच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या तोच. सोमवारपासून तू आमच्या टीममध्ये, भारी वाटतंय. इथे सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात म्हणून मी पण डायरेक्ट तू म्हणतोय, तू पण सर-बिर करू नकोस.

एचआरच्या मेलमध्ये ९ ची वेळ असेल, पण ९ ला इथे सिक्युरिटीच्या काकांशिवाय कोणी नसतं, १० ला ये, माझं बोलणं झालंय एचआरशी. आधार, पॅन, रिलीव्हिंग लेटर ओरिजिनल आण आणि यूएएन नंबर काढून ठेव, १२ आकडी असतो, जुन्या सॅलरी स्लिपवर बघ, बहुतेक सापडेल. नवीन यूएएन अजिबात काढू नकोस हं, मी एकदा तो शहाणपणा केलेला आणि मग पीएफची दोन खाती एकत्र करताना पार घाम निघाला.

वनाजजवळ राहतेस म्हणालीस ना, मग पहिल्या दिवशी गाडी काढूच नकोस. वनाजहून मेट्रो थेट रामवाडीला, मध्ये बदलायची भानगड नाही, तिथून खराडीला रिक्षा. नगर रोडला सकाळी गाडी घेऊन यायचं म्हणजे ऑफिसला पोचेपर्यंत अर्धा दिवस भरल्यासारखं वाटतं.

आता कामाचं. पहिल्या आठवड्यात तुझ्याकडून काहीही डिलिव्हर व्हायची अपेक्षा नाहीये, खरंच. माझ्या पहिल्या नोकरीत मला तीन दिवस लॅपटॉपच नव्हता, नुसता बसून कॅन्टीनचा मेनू पाठ केला आणि कोणाला विचारायची पण लाज वाटायची. म्हणून तुझ्या लॅपटॉपचं तिकीट मागच्याच आठवड्यात टाकलंय, तो आलाय, चार्जरसकट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रेपोचा ॲक्सेस मात्र मंगळवार-बुधवार उजाडेल, अप्रूव्हल वरून येतं, त्यात माझं काही चालत नाही. तोवर अनघाच्या शेजारी बस, ती काय करते ते बघ, मध्येच थांबवून विचार, तिला चालतं. आमची डॉक्युमेंट्स वाचशीलच, पण त्यातली निम्मी जुनी आहेत, जे जुळणार नाही ते लिहून ठेव, तुझ्याच नजरेला दिसेल ते, आम्हाला सवय झालीये.

जेवायला दीडला सगळे एकत्र बसतो. डबा नसला तरी चालतंय, तिसऱ्या मिनिटाला तुझ्या पुढ्यात कोणाची तरी भाजी येतेच. मशीनच्या चहाला हात लावू नकोस, ४ वाजता खाली टपरीवर जातो आम्ही.

पोचलीस की गेटवरून मेसेज टाक, मी खाली येतो, कार्ड बनेपर्यंत तुला लिफ्टच्या पुढचं दार उघडणार नाही.

समीर

ता.क. खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली तरी बसू नकोस, तिचा डावा हात निखळतो.