चौघांनी उचललेली बाज

रविवार, १२ जुलै
सकाळच्या उपासनेला येऊ न शकलेल्यांसाठी संदेशाचे टिपण
शास्त्रभाग : मार्क २:१-१२

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

पाऊस, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, कुणाची रुग्णालयातली रविवारची ड्यूटी, कुणाच्या घरी आजारपण. अर्धी बाके रिकामी होती, आणि शास्त्रभाग होता स्वतःच्या पायांनी येऊ न शकणाऱ्या माणसाचा. आधी बायबल उघडून ही बारा वचने मोठ्याने वाचा, मग पुढचे वाचा.

प्रभू येशू कफर्णहूमात घरी आहे असे कळताच एवढी गर्दी लोटली की दारापाशीही जागा उरली नाही. सकाळी ठाण्याहून फास्ट लोकल पकडणाऱ्यांना ही गर्दी समजावून सांगायला नको, असे पाळकसाहेब म्हणाले. चार माणसे एका पक्षघाती मनुष्याला बाजेवर घालून आणतात, पण आत शिरायला वाट नाही. म्हणून ते छपरावर चढतात, ते उघडतात आणि बाज येशूसमोर खाली सोडतात. तिकडची घरे आपल्या खानदेश-मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांसारखी असत: लाकडी तुळया, त्यांवर फांद्या आणि माती, वर जायला बहुधा बाहेरून जिना. म्हणजे छप्पर काढायचे तर खणावेच लागणार. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असेल, घराचे नुकसान झाले असेल. मार्क त्याबद्दल काही बोलत नाही. तो एवढेच सांगतो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला.

इथला ‘त्यांचा’ आदरार्थी नाही, तो अनेकवचनी आहे. मराठीत वाचताना हे सहज निसटते, म्हणून पाळकसाहेब या एका शब्दावर बराच वेळ थांबले. बाजेवरचा माणूस या भागात एक शब्दही बोलत नाही. त्याचा विश्वास किती होता, आपल्याला ठाऊक नाही. ज्यांना आजारपणामुळे किंवा दुःखामुळे सध्या प्रार्थनाच सुचत नाही, त्यांनी हे मनाशी घट्ट धरावे: तुमच्यासाठी दुसऱ्यांनी धरलेला विश्वासही प्रभू पाहतो.

मग येशू म्हणाला, “मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.” शास्त्री मनात कुजबुजले की देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? प्रश्न खोटा नव्हता. उत्तर त्यांच्यासमोरच उभे होते, ते त्यांना दिसले नाही. येशूने त्या माणसाला उठायला, बाज उचलायला आणि घरी जायला सांगितले, आणि तो सर्वांदेखत चालत निघाला.

इथे एक गैरसमज होतो. क्षमेचा शब्द आधी आला म्हणून त्याचा आजार पापाची शिक्षा होता, असे हा भाग म्हणत नाही. योहान ९:२-३ मध्ये जन्मांधाविषयी शिष्यांनी हेच विचारले, तेव्हा प्रभूने स्पष्ट नकार दिला. आजाऱ्याच्या उशाशी बसून “काय चुकलं असेल?” असे कृपा करून कुणी विचारू नये.

शेवटी पाळकसाहेबांनी कळव्याच्या एका आजोबांची गोष्ट सांगितली, त्यांच्या परवानगीने. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. सात महिने ते प्रभुभोजनाला आले नव्हते. मागच्या महिन्यात तरुणसंघाच्या चार मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणले आणि रिक्षाने उपासनेला आणले. भाकर हातात घेताना आजोबा रडले. मी मागच्या बाकावर होतो. त्या मुलांचे घामाने भिजलेले शर्ट अजून डोळ्यांसमोर आहेत.

या आठवड्यात घरी मिळून बोला: आपली बाज कधी कुणी उचलली? आणि आपल्या वाडीत, सोसायटीत कुणाच्या बाजेचा चौथा कोपरा अजून कुणी धरलेला नाही?

व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी

सलाम मंडळी 🙏 रविवारचा संदेश, मार्क २:१-१२. चौघांनी छप्पर खणून मित्राला येशूसमोर उतरवले. येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला, म्हणजे सगळ्यांचा मिळून. प्रार्थना करायचे बळ नसेल तर कळवा, आम्ही तुमच्यासाठी करू. पूर्ण टिपण सोबत आहे. घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा. कागदावर हवे असेल तर सांगा, घरी आणून देऊ. पुढच्या रविवारी जिना उतरायला किंवा रिक्षासाठी मदत हवी असल्यास शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत तरुणसंघाला सांगा.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी

दारात गर्दी होती, म्हणून ते छपरावर चढले. चार माणसे, एक बाज आणि बाजेवर एक शब्दही न बोललेला मित्र. मार्क २:१-१२ वाचा आणि तुमची बाज ज्यांनी उचलली त्यांना आज एक फोन करा. उपासना दर रविवारी सकाळी साडेनऊला, मराठीत. सर्वांचे स्वागत. येणे कठीण असेल तर मेसेज करा, आम्ही न्यायला येऊ.