आकडे आता लाखात: वार्षिक सभेतलं हिशेबाचं निवेदन

राम राम मंडळी.

अध्यक्षसाहेब, संचालक मंडळी, मागं झाडाखाली बसलेले आमचे सगळे तात्या-अण्णा, आणि यंदा पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसलेल्या मावशी-काकू, सगळ्यांना नमस्कार. कंपनी कायद्यात खजिनदार नावाचं पद नाही. मी हिशेब पाहणारा एक संचालक. पण गावानं खजिनदार म्हणून हाक मारायला सुरुवात केली आणि आता घरचेही तसंच म्हणतात. विषय क्रमांक 2 माझ्याकडं आहे, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. ते मंजुरीला मांडण्याआधी दहा मिनिटं मागून घेतलीत, कारण अहवाल हातात पडल्यापासून एकच प्रश्न चौघा-पाचांनी विचारला: "आकडे एवढे बारके कसे झाले?"

बारके झाले नाहीत. लाखात लिहिलेत. अहवालाचं पान 6 काढा. वर उजव्या कोपऱ्यात ठळक अक्षरात छापलंय, "सर्व रकमा रुपये लाखात". गेल्या वर्षीही त्याच जागी एक ओळ होती. ती इतकी बारीक होती की मला स्वतःला दिसली नाही, आणि तिथूनच ही सगळी भानगड झाली.

झालं असं. 2021 च्या एप्रिलपासून कंपन्यांना ताळेबंदातले आकडे जवळच्या मापात पूर्ण करून, म्हणजे मधली किरकोळ रक्कम सोडून किंवा वर ओढून, दाखवणं सक्तीचं झालं. आधी ते ऐच्छिक होतं. ज्या कंपनीचं एकूण उत्पन्न 100 कोटींच्या आत आहे तिनं शेकडा, हजार, लाख किंवा दशलक्ष यातलं एक माप घ्यायचं, हवं तर पॉइंटच्या पुढचे अंकही द्यायचे. आपली शेतकरी उत्पादक कंपनी असली तरी शेवटी कंपनीच, म्हणून आपल्यालाही ते लागू. तेव्हा आम्ही सोपी वाट धरली. माप घेतलं शेकड्याचं आणि पॉइंटच्या पुढं दोन अंक ठेवले. म्हणजे कायदाही पाळला आणि एक रुपयाही हलला नाही. हुशारी केली असं वाटलं.

गेल्या वर्षीचं एकूण उत्पन्न होतं 4 कोटी 86 लाख 35 हजार 218 रुपये. शेकड्यात ते छापलं गेलं 4,86,352.18. आता सांगा, हे कुणीही कसं वाचणार? चार लाख शहाऐंशी हजार! पॉइंटच्या पुढचे ते अठरा म्हणजे पैसे, असं लोकांना वाटलं. सभेनंतर दोन दिवसांत गावात बोलणं सुरू झालं की सोयाबीनचे इतके ट्रक भरून गेले आणि कंपनीला मिळाले फक्त पावणेपाच लाख, बाकीचं कुणी खाल्लं? माझ्या मेव्हण्यानं फोन करून विचारलं. मेव्हणा विचारतो म्हणजे गावात काय चाललं असेल ते बघा.

आणि हसू नका, मीही फसलो. खरेदीच्या तोंडावर खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा अर्ज भरला. त्यात ताळेबंदातला आकडा जसाच्या तसा उतरवला. बँकेतल्या साहेबांनी अर्ज परत केला. म्हणाले, पावणेपाच लाखांच्या धंद्याला पन्नास लाख कर्ज कसं देऊ? चूक माझी होती, त्यांची नव्हे. पण दुरुस्ती करून कागद पुन्हा जाईपर्यंत बारा दिवस गेले, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत बारा दिवस म्हणजे काय हे या मांडवात कुणाला सांगायला नको.

म्हणून यंदा ऑडिटरसाहेबांसोबत बसून संचालक मंडळानं ठरवलं: माप लाखाचं आणि पॉइंटच्या पुढं एकच अंक.

लाखच का? कारण बाजारात आपण बोलतो ते लाखात. दशलक्ष कायद्यात आहे, पण लातूरच्या आडतीवर कुणी "पाच दशलक्षाचा माल" म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही. कोटी घ्यावं म्हटलं तर आपल्या आकाराच्या कंपनीसाठी कायद्याच्या यादीत कोटी नाहीच, ते मोठ्यांसाठी. त्यामुळं यंदाचं उत्पन्न 531.8 असं दिसतंय. "पाचशे एकतीस लाख असं कोण बोलतं?" असं परवा अण्णा म्हणाले. बरोबर आहे. वाचायची रीत अशी: पॉइंटच्या डावीकडचे दोन अंक लाख, त्याच्याही डावीकडं जे असेल ते कोटी, आणि पॉइंटच्या उजवीकडचा एक अंक म्हणजे तितके दहा हजार. 531.8 म्हणजे 5 कोटी 31 लाख 80 हजार. दोनदा वाचलं की जमतं. आमच्या शेजारच्या काकूंनी काल ओट्यावर बसून सगळं पान वाचून दाखवलं.

आता एकच अंक का. काहीच अंक ठेवला नसता तर आपल्या कंपनीला ते माप फार मोठं झालं असतं. ऑडिट फी 42 हजार आहे, ती शून्य दिसली असती. दोन अंक ठेवले असते तर हजारापर्यंत गेलो असतो, पण आकड्यांची गर्दी तशीच राहिली असती. एका अंकात काय होतं, तर प्रत्येक आकड्यात जास्तीत जास्त पाच हजारांचा फरक पडतो, इकडं किंवा तिकडं. 42 हजार आता 0.4 दिसतात. एकूण उत्पन्नाकडं बघितलं तर हा फरक लाखामागं दहा रुपयांच्याही आत येतो. तुम्ही कट्ट्याचं वजन किलोत बघता, पण भरलेला ट्रक भुईकाट्यावर चढला की पावतीवर दहा-वीस किलोवरून कुणी भांडत नाही. कट्टा भरताना मात्र पाव किलोवरूनही भांडतो, आणि भांडलंच पाहिजे.

आता जरा लक्ष द्या, कारण इथं माझ्यावर संशय येणार आहे. पान 9 वर खर्चाचा तक्ता आहे. हमाली 6.4, वाहतूक 9.2, बारदाना 5.3. मोबाइल काढा आणि बेरीज करा. 20.9 येते. खाली छापलंय 21.0. दहा हजार जास्त! तात्या, तुम्ही पेन काढलेलं दिसतंय मला, थांबा.

वहीतले खरे आकडे सांगतो. हमाली 6,43,800. वाहतूक 9,24,600. बारदाना 5,34,900. बेरीज 21,03,300, म्हणजे लाखात 21.0. वरच्या तिन्ही रकमा पूर्ण करताना 3,800, 4,600 आणि 4,900 असे मिळून 13,300 रुपये छापण्यात गळले. बेरीज पूर्ण करताना फक्त 3,300 गळले. राहिले दहा हजार, तोच तो 0.1. बेरीज आधी पूर्ण रुपयांत केली आणि मग लाखात आणली, म्हणून खालचा आकडाच जास्त खरा. एखादी रक्कम ओढूनताणून वाढवली असती तर बेरीज जुळली असती आणि आमचीही डोकेदुखी गेली असती. पण मग हमालीचा आकडा खोटा ठरला असता. म्हणून नाही केलं. पानाखाली एक ओळ दिलीय की पूर्णांकनामुळं बेरजेत थोडा फरक दिसू शकतो.

हाच प्रकार पहिल्याच पानावर नफ्यात आहे. उत्पन्न 531.8, खर्च 522.5, वजाबाकी 9.3 येते आणि छापलाय 9.4. करापूर्वीचा खरा नफा 9,35,330 रुपये. कुणाला वाटेल, सुरुवातीलाच चूक. आम्हाला वाटलं होतं हे पान बदलून घ्यावं. नाही बदललं, कारण तेच खरं आहे.

दुसरी खूण. काही ठिकाणी 0.0 दिसेल आणि काही ठिकाणी नुसती रेघ. रेघ म्हणजे त्या खात्यात काहीच नाही. 0.0 म्हणजे आहे, पण पाच हजारांच्या आत. स्टेशनरीचे 4,350 रुपये तिथं 0.0 झालेत. गेल्या वर्षीच्या रांगेतले आकडेही लाखात करून शेजारी छापलेत, म्हणून तिथं 486.4 दिसतंय. एका रांगेत शेकडा आणि दुसऱ्या रांगेत लाख असं चालतच नाही. माप एकदा धरलं की पूर्ण ताळेबंदात तेच.

माझे आजोबा आडतीवर मुनीम होते, निजामाच्या काळात. त्यांच्या वहीत पानाच्या माथ्यावर एक शब्द असायचा, "हाली" नाही तर "कलदार". हैदराबाद संस्थानाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार यांची किंमत एक नव्हती. सहा कलदार दिले तर सात हाली यायचे. माथा न वाचता खाली आकडा वाचला की सातवा रुपया गेलाच. मी मात्र शिकून-सवरून माथा वाचायला विसरलो.

आता ज्या गोष्टी बदलल्या नाहीत त्या. कंपनीच्या वह्या आणि संगणकातला हिशेब पहिल्यासारखाच रुपये-पैशांत आहे. लाख फक्त छापलेल्या पानावर. तुमच्या सोयाबीनचं बिल, मॉइश्चरची कपात, बँकेत जमा झालेली रक्कम, शेअरची संख्या, यातलं काहीच असं मापात पूर्ण केलेलं नाही. नफ्यातून सभासदांना द्यायचा बोनस ठरला तर तोही तुम्ही घातलेल्या मालाच्या पूर्ण रकमेवर निघेल, 9.4 वर नाही.

शेवटचं. काल एक जण स्पष्टच म्हणाला, "लाखात लिहिलं की चहापाणी झाकलं जातं." मला राग आला नाही. मी सभासद म्हणून खाली बसलो असतो तर मीही हेच विचारलं असतं. संचालकांचा प्रवास, बैठकांचा भत्ता, या सभेचा मांडव, चहा, ज्या खर्चाकडं तुमचं बरोबर लक्ष असतं, तो सगळा लाखात 0.1 आणि 0.0 मध्ये जातो. म्हणून अहवालाच्या मागं एक वेगळी पुरवणी जोडलीय. ती पूर्ण रुपयांत आहे, तारखेसकट, एकेक ओळ. ताळेबंदात एकच माप ठेवावं लागतं, म्हणून ती ताळेबंदाचा भाग नाही, पण तिच्यावर माझी सही आहे. मूळ खातेवही टेबलावर ठेवलीय. कार्यालयातही सभासदांसाठी दर सोमवारी सकाळी उघडी राहील.

अध्यक्षांच्या परवानगीनं, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक मंजुरीसाठी सभेपुढं मांडतो. आधी तात्यांचा प्रश्न घेऊ, त्यांचं पेन अजून उघडंच आहे. पान कुठलं, तात्या?