कलम अकरा

इंदूरच्या रामबागेतल्या त्या वकिली कचेरीत श्रीपाद लागला त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. त्याचे काम टंकलेखन, नकला काढणे आणि मिलान करणे. या शेवटच्या शब्दाला मराठीत ‘ताळा’ म्हणता येईल हे त्याला ठाऊक होते. पण मोठे मुन्शीजी चाळीस वर्षे ‘मिलान’च म्हणत आले होते आणि कचेरीत त्यांचाच शब्दकोश चालत असे.

त्या दिवशी त्याच्यापुढे वैशालीताईंची फाइल होती. पतीच्या पश्चात त्या तेलघाणा एकट्याने सांभाळीत. देवासनाक्याकडच्या एका गोदामात त्यांनी ३०० क्विंटल सोयाबीन ठेवले होते आणि त्यांपैकी १८० क्विंटल पत्र्यातून गळलेल्या पाण्याने सडले होते. दाव्याची रक्कम ८ लाख ६४ हजार. गोदामवाल्याचा जवाबदावा केवळ चार पानांचा होता, कारण त्याचा सगळा भार करारातल्या कलम ११ वर होता आणि ते कलम त्याने ठळक अक्षरांत उतरवले होते: ‘गोदाम-स्वामी माल की क्षति के लिए उत्तरदायी नहीं होगा, यदि जमा करते समय माल में नमी 12 प्रतिशत से अधिक हो अथवा जमाकर्ता सूचना मिलने के सात दिन के भीतर माल न उठाए।’

माल ठेवताना ओलावा ११.४ टक्के होता आणि तशी पावती होती. परंतु माल उचला अशी सूचना मिळाल्यावर ताईंना ट्रक मिळाला तो दहाव्या दिवशी, आणि आठव्या रात्री पाऊस झाला होता. म्हणजे पहिली अट गोदामवाल्याच्या कामाची नव्हती, पण दुसरी एकटीच त्याला पुरेशी होती. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे ठेव घेणाऱ्याने मालाची सामान्य शहाण्या माणसाइतकी काळजी घेतलीच पाहिजे, यावर वकीलसाहेबांनी दावा उभा केला होता. मात्र करारातल्या स्पष्ट सवलतीपुढे तो कितपत टिकेल, याबद्दल ते स्वतःच साशंक होते. “तडजोडीला तयार राहा,” असे त्यांनी ताईंना सांगूनही टाकले होते.

श्रीपादला मूळ कागद न्यायालयात दाखल करण्यापूर्वी त्यांची यादी करायची होती. ताईंनी सकाळीच पिशवीतून करार आणून दिला होता. तोवर कचेरीत होती ती झेरॉक्सची झेरॉक्स. कलम ११ कडे त्याचे लक्ष मुद्दाम गेले असे म्हणणे खोटे ठरेल. तो ओळीवर पट्टी ठेवून एकेक शब्द पुढे सरकवीत होता, आणि त्या ओळीपाशी पट्टी नीट बसेना, कारण दोन ओळींच्या मधल्या जागेत काहीतरी लिहिलेले होते.

निळ्या बॉलपेनने ‘अथवा’वर एक बारीक रेघ मारली होती आणि तिच्यावर, तितक्याच बारीक पण सुबक अक्षरांत, ‘तथा’ असे लिहिले होते. समासात दोन आद्याक्षऱ्या होत्या. त्याने झेरॉक्स शेजारी ठेवली. तिच्यात निळी रेघ अंगठ्याच्या डागासारखी पुसट झाली होती, ‘तथा’वर नोटरीच्या शिक्क्याची कड आली होती आणि समास यंत्रानेच कापला होता. वाचणाऱ्याला ‘अथवा’ तेवढे दिसे.

पुढची गोष्ट त्याच्या पोटात गोळा आणणारी होती. दाव्यातही हे कलम ‘अथवा’सह उतरले होते, आणि तो दावा त्यानेच टंकित केला होता, याच झेरॉक्सवरून. हे दोन्ही शब्द मराठीतही आहेत आणि हिंदीतही. त्यामुळे परक्या भाषेतला शब्द वाचताना डोळा जसा अडखळतो, तसा तो त्याच्यापाशी अडखळलाच नव्हता. आपल्याच पक्षकाराच्या दाव्यात आपणच विरुद्ध पक्षाची अट मान्य केली आहे, हे त्याला तिथे, पट्टी हातात असताना, कळले.

क्षणभर त्याला वाटले की मुन्शीजींना आधी विचारावे आणि मग, जमल्यास, ते सांगतील तसे गप्प राहावे. पण मुन्शीजी जिल्हा न्यायालयात गेले होते. तो सरळ आतल्या खोलीत गेला.

“सर, कलम ११ मध्ये ‘अथवा’ नाही. ‘तथा’ आहे. दाव्यात चूक माझी आहे.”

वकीलसाहेबांनी भिंग घेतले. कागद खिडकीकडे धरला, उलटा केला, पेनाचा दाब मागच्या बाजूला उमटला आहे का ते बोटाने चाचपले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “बस. ‘तथा’ असेल तर काय होतं ते तूच सांग.”

“दोन्ही गोष्टी घडल्या तरच तो सुटतो, सर. ओलावा जास्त पाहिजे आणि उशीरही पाहिजे. उशीर झाला आहे, पण ओलावा ११.४ होता.”

“आणि ‘अथवा’ असेल तर?”

“उशीर एकटाच पुरतो.”

“मग चूक तुझी एकट्याची नाही. मीही झेरॉक्सच वाचली.” त्यांनी ताईंना फोन लावला. ही खाडाखोड कोणी केली, या प्रश्नावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ताई म्हणाल्या, “यांनी. सहीच्या वेळी तास घातला होता त्या एका शब्दावर. गोदामवाले वैतागले होते, मीसुद्धा. पण दोघांनी सह्या केल्या बाजूला.”

वकीलसाहेबांना तेवढ्याने समाधान नव्हते. लेखी करारातल्या शब्दाविरुद्ध तोंडी सांगणे चालत नाही हा नियम त्यांनी आयुष्यभर इतरांवर उगारला होता; आता तो आपल्यावर उगारला जाऊ नये म्हणून शब्द कागदावरच सिद्ध व्हायला हवा होता. करार दोन प्रतींत झाला होता आणि दुसरी प्रत गोदामवाल्याकडे होती. तिच्यात दुरुस्ती नसेल, तर ही खाडाखोड मागाहून केल्याचा आरोप झाल्याशिवाय राहणार नव्हता. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२, नियम ८ खाली मूळ प्रत हजर करण्याची नोटीस आणि आदेश ६, नियम १७ खाली दाव्यात दुरुस्तीचा अर्ज, असे दोन्ही कागद त्याच संध्याकाळी तयार करायला सांगितले. साक्षीपुरावा अजून सुरू झालेला नव्हता, हे नशीबच. एकदा तो सुरू झाला की आधी लक्ष का दिले नाही याचा हिशेब द्यावा लागतो. श्रीपादने अर्जातला ‘तथा’ टंकित केला, मूळ कागदाशी ताडला, आणि मग पुन्हा एकदा ताडला.

तारखेला गोदामवाल्याच्या वकिलांनी प्रत आणली ती बंद लिफाफ्यात. न्यायाधीशांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. श्रीपाद मागच्या बाकावर होता. त्याला शब्द दिसणे शक्यच नव्हते, पण न्यायाधीशांचे बोट एका प्रतीवर थांबले आणि मग दुसऱ्या प्रतीवर त्याच ठिकाणी गेले, ते त्याने पाहिले. त्यांनी कलम मोठ्याने वाचले. “अधिक हो,” एवढे वाचून ते थांबले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “तथा.”

“रेघ दोन्हीत आहे,” ते पुढे म्हणाले, “आणि समासातल्या सह्याही.”

गोदामवाल्याचे वकील आपल्या फाइलमधली झेरॉक्स उलटसुलट करून पाहत होते. तीही काळी-पांढरीच होती. त्यांनी शेजारी बसलेल्या अशिलाकडे पाहिले. अशील जमिनीकडे पाहत होता. मग ते उठले आणि पक्षकाराकडून सूचना घेण्यासाठी त्यांनी पंधरा दिवसांची मुदत मागितली. वकीलसाहेबांनी हरकत घेतली नाही.

परतताना रिक्षात मुन्शीजींनी फाइल मांडीवर घेतली. “आता याच्या तीन नकला लागतील,” ते म्हणाले. “रंगीत काढ. आणि समास कापू देऊ नकोस.”