मंडळाचं वार्तापत्र, ऑगस्ट २०२६: गणपती ते दिवाळी (मराठी आणि इंग्लिश)

मेलबर्नच्या वेस्टमधल्या सगळ्या मंडळींना नमस्कार! थंडी अजून हटत नाहीये, पण गणपतीचं काम सुरू झालंय. यंदा अधिक ज्येष्ठ आला ना, त्यामुळे सगळे सण लांबलेत, गेल्या वर्षी २७ ऑगस्टला आलेला बाप्पा यावेळी थेट १४ सप्टेंबरला येतोय. आपल्याला बरंच झालं, थोडी ऊब तरी असेल.

आणि हो, इंग्लिश भागाबद्दल आधीच सांगतो. गेल्या अंकात तो रोमन लिपीत होता, मग पोरं तेवढाच वाचायची आणि मराठीकडे ढुंकूनही बघायची नाहीत. म्हणून यावेळी इंग्लिशसुद्धा देवनागरीत टाकलंय. मराठी शाळेतल्या पोरांनी हा भाग मोठ्याने वाचायचा आणि घरातल्या अमराठी सुनांना, जावयांना समजावून सांगायचं. कटकट वाटेल, पण करून बघा.

गणपती, शनिवार १९ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३, टार्नीटचा नेहमीचा हॉल

चतुर्थी सोमवारी आहे, त्या दिवशी सगळ्यांना ऑफिस, म्हणून मंडळाचा गणपती शनिवारी. दरवर्षी यावरून वाद होतो आणि दरवर्षी शेवटी शनिवारच ठरतो, तर यावेळी वाद वगळून थेट शनिवार. १८ तारखेला टर्म संपते म्हणजे मुलांनाही सुट्टी. दहाला स्थापना, अकराला अथर्वशीर्ष, मग पोरांचा कार्यक्रम, आणि साडेबाराला महाआरती आणि जेवण. जेवायला वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मसालेभात आणि उकडीचे मोदक, माणशी दोनच, तिसरा मागू नका, काकूंची कंबर मोडते.

हॉलवाल्यांनी यंदा पुन्हा बजावलंय की आत उघडी ज्योत नको. स्मोक अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेड आली तर खर्च मंडळाच्या माथी. त्यामुळे आत एलईडी समया, आणि आरती, कापूर, उदबत्ती सगळं मागच्या ओट्यावर. टाळ-झांजा आत चालतील, ढोल-ताशा फक्त बाहेर आणि तोही बारा ते साडेबारा एवढाच, शेजारी चांगले आहेत, त्यांना चांगलेच राहू द्या.

दुर्वा कुठून आणायच्या हे दरवर्षी विचारलं जातं. विकत घ्यायची काहीच गरज नाही. इथल्या लॉनमध्ये जे काऊच ग्रास असतं ना, जमिनीसरशी पसरणारं, बारीक पात्यांचं, तीच आपली दुर्वा, अगदी तीच जात. हिवाळ्यात ती पिवळी पडून झोपते, तेव्हा १९ तारखेपर्यंत सगळी हिरवी झालेली असेल याची खात्री नाही, म्हणून ज्यांच्याकडे उन्हाची बाजू आहे त्यांनी घराच्या भिंतीलगतचा पट्टा बघा, तिथे लवकर फुटते. किकुयू मात्र नको, ती जाडजूड, केसाळ पात्यांची असते आणि वास्तविक बऱ्याच अंगणांत तीच असते. तीन किंवा पाच पात्यांचे कोंब, एकवीसची जुडी. आणि ज्या लॉनवर वीड किलर मारलंय तिथली दुर्वा बाप्पाला नको, प्लीज.

आई-बाबा भारतातून येत असतील त्यांना आत्ताच फोन करून सांगा: ताज्या दुर्वा, बेलाची पानं, विड्याची पानं, फुलं, नारळ, मातीचं काहीही न सांगता बॅगेत टाकू नका. पेढे, बर्फी, तूप वगैरे दुधाच्या वस्तूंवरही कडक नियम आहेत. फॉर्मवर टिक करून दाखवलं तर फार फार तर काढून घेतात, लपवलं तर मोठा दंड होतो. मोदकाचा साचा बिनधास्त आणू द्या, स्वच्छ धुतलेला असला म्हणजे झालं.

विसर्जन हॉलच्या मागे मोठ्या टबमध्ये. मूर्ती शाडूची आहे, विरघळते, माती नंतर बागेत. घरच्या मूर्तीही घेऊन या, आपण एकत्र करू. क्रीकमध्ये किंवा बीचवर कुणीही जाऊ नका, आपल्या एका कुटुंबामुळे सगळ्यांचं नाव खराब होतं. निर्माल्य कंपोस्टमध्ये, प्लास्टिकचे हार वेगळे काढून.

इन इंग्लिश: *अवर गणपती इज ऑन सॅटरडे, नाइनटीन्थ सप्टेंबर, टेन टू थ्री, टार्नीट. लंच इज व्हेज अँड स्टार्ट्स आफ्टर आरती. नो कँडल्स ऑर कॅम्फर इनसाइड द हॉल, प्लीज. ब्रिंग युवर होम गणपती फॉर द टब. पार्क बिहाइंड द हॉल, नेव्हर ऑन द नेबर्स ग्रास.*

अभिजात मराठी, शनिवार ३ ऑक्टोबर, दुपारी ३

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याला दोन वर्षं होतायत. शाळेची मुलं म्हणी सादर करणार, पण पाठांतर नाही, प्रत्येकाने आपल्या म्हणीवर छोटा प्रसंग करून दाखवायचा. "नाचता येईना अंगण वाकडं" आधीच तिघांनी बुक केलीय, तेव्हा दुसरी शोधा. त्याच रात्री दोन वाजता घड्याळं एक तास पुढे जातात, रविवारी सकाळी सात वाजता भारतात फोन लावाल तर तिकडे पहाटेचे दीडच वाजलेले असतील, हे लक्षात ठेवा.

इन इंग्लिश: *मराठी स्कूल शो, सॅटरडे थर्ड ऑक्टोबर, थ्री पीएम. वन प्रॉव्हर्ब, टू मिनिट्स, नो रीडिंग फ्रॉम पेपर. क्लॉक्स गो फॉरवर्ड दॅट नाइट.*

कोजागिरी, शनिवार २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७

कोजागिरी २५ ला, रविवारी रात्री आहे, पण सोमवारी शाळा-ऑफिस, म्हणून आपण एक दिवस आधी. चंद्र जवळजवळ पूर्णच असेल, कमी दिसला तर दूध जास्त प्या. सूर्यास्त पावणेआठच्या आसपास, म्हणजे सातला येणाऱ्यांना उजेडात सतरंज्या टाकायचं काम आहे. मसाला दूध मंडळाचं, भेळेचं सामान प्रत्येकाने थोडं थोडं. जॅकेट आणा, ऑक्टोबर असला तरी वारा बोचतो.

इन इंग्लिश: *कोजागिरी पिकनिक, सॅटरडे ट्वेंटीफोर्थ ऑक्टोबर, सेव्हन पीएम. मिल्क ऑन अस, भेळ ऑन यू. ब्रिंग अ मॅट अँड अ वॉर्म जॅकेट.*

दिवाळी पहाट, शनिवार ७ नोव्हेंबर, सकाळी ७

लक्ष्मीपूजन रविवारी ८ ला घरोघरी आहे म्हणून पहाट आदल्या दिवशी. स्थानिक गायकांचा दीड तास, नंतर फराळ. फराळ घरून करून आणा, दुकानातला चिवडा चालेल, पण चकल्या कुणीतरी घरी करा राव. फटाके नाहीत, व्हिक्टोरियात लायसन्सशिवाय फोडता येत नाहीत, फुलबाज्यांचंही मनात आणू नका.

इन इंग्लिश: *दिवाळी मॉर्निंग म्युझिक, सॅटरडे सेव्हन्थ नोव्हेंबर, सेव्हन एएम शार्प. ब्रिंग अ प्लेट ऑफ फराळ टू शेअर. नो फटाके.*

मदत हवीय

गणपतीला भांडी धुवायला माणसं कमी आहेत, स्टेजवर उभं राहायला नेहमी जास्त. मुलांच्या कार्यक्रमात जे काम करणार त्यांचं वर्किंग विथ चिल्ड्रन चेक असायलाच हवं, स्वयंसेवकांना ते फुकट मिळतं, पण वेळ लागतो, आजच अर्ज टाका. गणपतीचं तिकीट मोठ्यांना १५ डॉलर, पाच वर्षांखालच्या मुलांना नाही. नावं १० सप्टेंबरपर्यंत द्या, त्या दिवशी भात मोजायचाय. आयत्या वेळी चार पाहुणे घेऊन येणाऱ्यांना प्रेमाने दारातून परत पाठवणार नाही, पण मोदक मिळणार नाही हे नक्की.

इन इंग्लिश: *टिकेट्स फिफ्टीन डॉलर्स, अंडर फाइव्ह फ्री, नेम्स बाय टेन्थ सप्टेंबर. वी नीड डिश वॉशर्स मोअर दॅन डान्सर्स.*

कमिटी