कॅरेक्टर आर्टिस्ट पदासाठी अर्ज

कोल्हापूर
दि. ९ जून २०२५

प्रति,
मा. आर्ट डायरेक्टर,
कॅरेक्टर विभाग, पुणे

विषय: कॅरेक्टर आर्टिस्ट पदासाठी अर्ज व पोर्टफोलिओ

महोदया,

आपल्या नव्या मोबाइल गेमसाठी कॅरेक्टर आर्टिस्ट हवा असल्याची जाहिरात वाचून मी हा अर्ज करीत आहे. सोबतच्या पोर्टफोलिओत १४ कामे असून ती सर्व खऱ्या माणसांच्या छायाचित्रांवरून घडवलेली शैलीबद्ध पात्रे आहेत. मी कोल्हापुरात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि गेली ४ वर्षे डिजिटल माध्यमात स्वतंत्रपणे काम करतो आहे.

माझे काका सिनेमाचे बॅनर रंगवीत. फोटोवर चौकटी आखून त्या कापडावर मोठ्या करायच्या, ही त्यांची पद्धत मी लहानपणी शिकलो. मात्र त्याच चौकटीतला नायकाचा जबडा ते थोडा रुंद करीत आणि डोळ्यांखालची सावली सरळ गाळून टाकीत. फोटोवरून पात्र घडवताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवणे हेच खरे काम असते, असे मी मानतो. म्हणूनच प्रत्येक कामासोबत मूळ फोटो, काळी छायाकृती आणि मधले टप्पे जोडले आहेत, जेणेकरून फोटो नुसता गिरवलेला नाही किंवा त्यावर फिल्टर चालवलेला नाही, हे आपल्याला तपासता येईल.

पाचव्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना एका कोळीणबाईंचा फोटो त्यांच्या परवानगीने मी मोबाइलवर काढला. जवळून काढल्यामुळे टोपलीकडे पुढे केलेला हात आणि नाक प्रमाणाबाहेर मोठे दिसत होते, तर वरच्या निळ्या ताडपत्रीमुळे चेहऱ्यावर निळसर झाक आली होती. पहिल्या प्रयत्नात मी ही झाक त्वचेचाच रंग समजून घेतली आणि पात्र आजारी दिसू लागले. पुढच्या वेळी उन्हात काढलेल्या दुसऱ्या फोटोवरून रंग ठरवले. ते चित्र बाईंना दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही हसतेय कशाला? पैसे मोजताना मी हसत नाही." त्यांचे बरोबर होते. हसू काढून भुवयांमध्ये दोन ठसठशीत रेषा ठेवल्या, बाकीच्या साऱ्या सुरकुत्या गाळल्या, टोपली आणि काष्ट्याचा घेर मिळून रुंद बैठकीचा त्रिकोण केला. आता हे पात्र ६४ पिक्सेल उंचीवरही ओळखू येते, आणि मोबाइलच्या पडद्यावर मला हीच कसोटी महत्त्वाची वाटते.

नववे काम तालमीतल्या एका वस्तादांचे आहे. कुस्तीने फुटलेले कान ही त्यांची ओळख असल्याने ते मुद्दाम मोठे केले आणि नाक जवळजवळ नाहीसे केले. अकराव्या कामात एकच चेहरा अडीच, पाच आणि सात डोक्यांच्या प्रमाणात मांडला आहे. शैली बदलली तरी तो माणूस तोच वाटावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. अडीच डोक्यांच्या आवृत्तीत तो पूर्ण साधलेला नाही, तरीही ती काढून टाकावीशी वाटली नाही.

रंगकाम मी क्रिटामध्ये आणि मॉडेल ब्लेंडरमध्ये करतो. कोळीण आणि वस्ताद यांची मॉडेले तयार असून प्रत्येकी सुमारे ६,००० त्रिकोणांची आहेत. दोन्हींवर १०२४ पिक्सेलचे हाताने रंगवलेले टेक्स्चर आहे. रिगिंगचे मला केवळ प्राथमिक ज्ञान आहे, हे आधीच सांगणे योग्य वाटते. सांधे वाकताना जाळी दुमडू नये, यासाठी कोपर, गुडघा आणि खांद्याभोवतीच्या कडांची रचना मात्र मी काळजीपूर्वक करतो.

छायाचित्रांच्या हक्कांबाबतही स्पष्ट करतो. पूर्वी एका ग्राहकाने चित्रातल्या व्यक्तीला न विचारता मी काढलेले चित्र जाहिरातीत वापरले आणि त्याची उत्तरे मला द्यावी लागली. तेव्हापासून प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती घेतल्याशिवाय, आणि फोटो दुसऱ्याने काढलेला असल्यास त्याचीही परवानगी मिळाल्याशिवाय, मी कामाला हात घालत नाही. या पोर्टफोलिओतील सर्व कामांची संमतिपत्रे माझ्याजवळ आहेत.

आपल्या शैलीनुसार चाचणीचे काम करून दाखवण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी फोटो आपण निवडून दिल्यास अधिक बरे, कारण स्वतः निवडलेल्या फोटोत अडचणी कमी येतात. हातातील कामे जुलैअखेर संपत असून १ ऑगस्टपासून मी पुण्यात रुजू होऊ शकेन. मुलाखतीसाठी कोणत्याही दिवशी, एक दिवस आधी कळवल्यास, समक्ष येईन.

कळावे,

आपला विश्वासू,
निखिल

सोबत: पोर्टफोलिओ (१४ कामे, टप्प्यांसह), दोन मॉडेलांच्या ब्लेंडर फाइली, परिचयपत्र