अमेयसाठी पीएमपीचा तीन महिन्यांचा अभ्यास-आराखडा (१ सप्टेंबर ते २७ नोव्हेंबर २०२५)

अमेय, पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरसाठीच्या परीक्षेला लागणारा तुझा ३५ तासांचा कोर्स ऑगस्टमध्येच झाला आणि त्याचं सर्टिफिकेट हातात आहे, हे गृहीत धरून हा आराखडा केला आहे. परीक्षा गुरुवारी, २७ नोव्हेंबरला. चाकणची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून सगळ्या मोठ्या चाचण्या गुरुवारीच ठेवल्या आहेत. परीक्षेच्या दिवशी रजाही टाकावी लागणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. अर्न्ड व्हॅल्यू, क्रिटिकल पाथ, व्हेंडरचे करार हे सगळं तू लाइन बसवताना रोज करतोस, त्यामुळे अभ्यास तुला अवघड जाणार नाही. तुझे मार्क जातील ते सवयीपायी. मशीन बंद पडलं की इंजिनिअर आधी पाना उचलतो. ही परीक्षा मात्र विचारते, प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वांत आधी काय करावं? बहुतेक वेळा उत्तर असतं, आधी समजून घे, परिणाम तपास, संबंधितांशी बोल, मग हात घाल. म्हणून या आराखड्यात वाचनापेक्षा प्रश्न जास्त आहेत, आणि प्रश्न सोडवण्यापेक्षा ते तपासायला जास्त वेळ आहे.

परीक्षेचं स्वरूप

१८० प्रश्न, २३० मिनिटं. त्यातले ५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. ६० आणि १२० प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांचा ब्रेक मिळतो. ब्रेक घेतला की मागच्या ६० प्रश्नांकडे परत जाता येत नाही. वजन असं: पीपल ४२ टक्के, प्रोसेस ५० टक्के, बिझनेस एन्व्हायर्नमेंट ८ टक्के. साधारण निम्मे प्रश्न प्रेडिक्टिव्ह, म्हणजे सगळं आधी ठरवून करायच्या पद्धतीवर येतात, आणि निम्मे अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत बदलत जाणाऱ्या पद्धतीवर आणि दोन्हींच्या मिश्रणावर, म्हणजे हायब्रीडवर. तुझं सगळं काम प्रेडिक्टिव्हमध्ये झालंय, त्यामुळे खरी मेहनत दुसऱ्या निम्म्यावर.

रोजचा वेळ

शुक्रवार ते बुधवार पहाटे साडेपाच ते पावणेसात. रात्री बसू नकोस. संध्याकाळी प्लँटवरून फोन येतातच, आणि दमल्या डोक्याने वाचलेला प्रसंग-प्रश्न चुकतोच. सकाळच्या कंपनी बसमध्ये चिंचवड ते चाकण मोबाइलवर १० ते १५ प्रश्न. परतीच्या बसमध्ये झोप. गुरुवारी चार-साडेचार तास. आठवड्याला बारा तास धर, बसचे प्रश्न वेगळे. तीन महिन्यांत सव्वाशेच्या पुढे जातं. ३५ तासांचा कोर्स झालेल्याला तेवढं पुरतं.

साहित्य थोडंच ठेव. परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या संस्थेचं सभासदत्व घे. परीक्षेची फी कमी होते आणि पीएमबीओके या त्यांच्या मुख्य संदर्भग्रंथाची पीडीएफ मिळते. प्रश्नांसाठी पीएमआय स्टडी हॉलचा प्लस प्रकार घे, कारण एसेन्शियल्समध्ये पूर्ण लांबीचे मॉक दोनच आहेत आणि आपल्याला चार लागतील. तिसरं म्हणजे अजाइल प्रॅक्टिस गाइड. टेलिग्रामवर फिरणाऱ्या हजार प्रश्नांच्या फायली उघडूही नकोस. त्यांतली उत्तरं चुकीची असतात, आणि चुकीच्या उत्तराची सवय मोडायला दुप्पट वेळ जातो.

१ ते ७ सप्टेंबर: अर्ज

शनिवारी ६ तारखेला अनंत चतुर्दशी आहे, अभ्यास थोडाच होईल. म्हणून हा आठवडा अर्जाला दे. गेल्या आठ वर्षांतला ३६ महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवायचा आहे. वेल्डिंग लाइन, पेंट शॉपची वाढ आणि गेल्या वर्षीचं असेंब्ली लाइनचं स्थलांतर, हे तीन पुरे. प्रत्येकाचं उद्दिष्ट, तुझी भूमिका, जबाबदाऱ्या आणि निष्पत्ती लिही. ‘मेंटेनन्स केला’ असं लिहू नकोस. रोजचं चालू काम प्रोजेक्टमध्ये धरत नाहीत. अर्ज ऑडिटला गेला तर तुझ्या त्या वेळच्या साहेबांच्या सह्या लागतील, त्यांना आत्ताच कल्पना देऊन ठेव.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भर. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि सेंटरवर त्यावरून अडवतात.

४ तारखेला, काहीही न वाचता, ६० प्रश्नांची पहिली चाचणी दे. किती मार्क पडले ते विसर. चुकांपैकी किती अजाइलमधल्या आहेत, तेवढं मोज.

८ ते २८ सप्टेंबर: पीपल आणि अजाइलचा पाया

परीक्षेच्या अधिकृत आउटलाइनमध्ये ३५ टास्क आहेत, त्यांतले १४ पीपलचे. ते छापून भिंतीवर लाव. दर सकाळी एक टास्क घे: त्यावरचं वाचन, मग त्याच विषयाचे दहा प्रश्न. संघर्ष सोडवणं, सर्व्हंट लीडरशिप, संघाचे नियम, स्टेकहोल्डरला सामील करून घेणं, दूर बसलेल्या टीमबरोबर काम. हे सगळं वाचताना ‘हे तर सामान्य ज्ञान आहे’ असं वाटेल. तिथेच फसायला होतं, कारण चारही पर्याय सुज्ञ दिसतात.

अजाइल प्रॅक्टिस गाइड याच तीन आठवड्यांत एकदा संपव. स्क्रमच्या तीन भूमिका, बॅकलॉग, रेट्रोस्पेक्टिव्ह, कानबानमधली डब्ल्यूआयपी मर्यादा. कानबान तुझ्या शॉप फ्लोअरवर आहेच. कल्पना तीच, कार्डं सुट्या भागांऐवजी कामांची.

अर्ज मंजूर झाला की त्याच दिवशी पुण्यातल्या पिअर्सन व्ह्यू सेंटरची २७ नोव्हेंबरची सकाळची वेळ बुक कर. घरून परीक्षा देता येते, पण देऊ नकोस. शेजारच्या इमारतीत ड्रिल मशीन सुरू झालं किंवा वीज गेली तर कुणाकडे बोट दाखवणार?

२९ सप्टेंबर ते १९ ऑक्टोबर: प्रोसेस

प्रोसेसचे १७ टास्क. शेड्यूल, खर्च, गुणवत्ता, खरेदी तू झपाट्याने करशील, त्यांना मिळून एक आठवडा. उरलेले दोन आठवडे चेंज कंट्रोल, रिस्क आणि इश्यूतला फरक, आणि प्रेडिक्टिव्ह की अजाइल की हायब्रीड हे ठरवण्यावर. सूत्रं फार येत नाहीत, पण आलेली सोडायची नाहीत:

```
CPI  = EV / AC
SPI  = EV / PV
EAC  = BAC / CPI
TCPI = (BAC - EV) / (BAC - AC)
```

तुझ्याच भाषेत: लाइनचं बजेट, म्हणजे BAC, ८० लाख. आजवरचा खर्च, AC, ४० लाख, झालेल्या कामाची किंमत, EV, ३२ लाख, व्हायला हवं होतं, PV, ३६ लाखांचं. सीपीआय ०.८, एसपीआय सुमारे ०.८९. हाच वेग राहिला तर काम १ कोटीला जाईल. ८० लाखांतच बसवायचं तर यापुढे दर रुपयाला १.२ रुपयांचं काम काढावं लागेल. परीक्षेत आकडेमोडीपेक्षा ‘या आकड्यावरून काय समजतं’ हे जास्त विचारतात.

आता सवयीचा नमुना. प्रश्न असा: प्लँट हेड कॉरिडॉरमध्ये म्हणतात, ‘गार्डिंगची उंची वाढवून टाक, सेफ्टीसाठी बरं.’ तू काय करशील? कामावर तू फॅब्रिकेटरला फोन लावशील. परीक्षेत आधी खर्च, वेळ आणि बाकी कामावरचा परिणाम तपासायचा, चेंज रिक्वेस्ट मांडायची, मंजुरीनंतर काम. साहेबांना तोंडावर नकार देणारा पर्यायही चूक. हेच अजाइल प्रोजेक्टमध्ये घडलं तर मागणी बॅकलॉगमध्ये जाते आणि क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवतो. प्रसंग एकच, उत्तरं दोन. म्हणून प्रश्नातलं पहिलं वाक्य नीट वाच, पद्धत कोणती ते बहुधा तिथेच कळतं.

२० ते २६ ऑक्टोबर: दिवाळी

सोमवारी सकाळी पहिल्या मॉकची तपासणी संपली की गुरुवारपर्यंत वही बंद. २३ ला भाऊबीज आहे, मॉक लावू नकोस. शुक्रवारपासून बिझनेस एन्व्हायर्नमेंटचे चार टास्क: कंप्लायन्स, फायदे, बाहेरचे बदल, संस्थेतले बदल. तीन सकाळी पुरतात.

रविवारी २६ तारखेला एक निर्णय घ्यायचा आहे. परीक्षेला ३० दिवसांहून जास्त असतील तोवर तारीख फुकट बदलता येते, नंतर पैसे पडतात, आणि शेवटच्या ४८ तासांत बदलताच येत नाही. पहिला पूर्ण मॉक ५५ टक्क्यांच्या खाली असेल तर तारीख तीन आठवडे पुढे ढकल. ५५ च्या वर असेल तर हात लावू नकोस, मन कितीही म्हणालं तरी.

२७ ऑक्टोबर ते २६ नोव्हेंबर: मॉक आणि तपासणी

नवीन वाचन बंद. अजाइल गाइड फक्त एकदा पुन्हा.

चाचण्यांचं वेळापत्रक (सगळे गुरुवार)

| तारीख | चाचणी | वेळ |
|---|---|---|
| ४ सप्टेंबर | ६० प्रश्न, मिश्र | ७७ मिनिटं |
| २५ सप्टेंबर | ६० प्रश्न, फक्त पीपल | ७५ मिनिटं |
| २ ऑक्टोबर | दसरा. चाचणी नाही | |
| ९ ऑक्टोबर | १२० प्रश्न, मध्ये एक ब्रेक | १५३ मिनिटं |
| १६ ऑक्टोबर | पूर्ण मॉक १ | २३० मिनिटं |
| ३० ऑक्टोबर | ६० प्रश्न, अजाइल-हायब्रीड | ७५ मिनिटं |
| ६ नोव्हेंबर | पूर्ण मॉक २ | २३० मिनिटं |
| १३ नोव्हेंबर | पूर्ण मॉक ३ | २३० मिनिटं |
| २० नोव्हेंबर | पूर्ण मॉक ४, परीक्षेच्याच वेळी सुरू | २३० मिनिटं |

मॉकच्या दिवशी फक्त मॉक. तपासणी शुक्रवारपासून चार सकाळी, रोज ४५ प्रश्न, बरोबर आलेलेसुद्धा, कारण अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न पुढच्या वेळी चुकतो. चुकांच्या वहीत प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक अक्षर लिही: ‘मा’ म्हणजे माहिती नव्हती, ‘वा’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘पा’ म्हणजे पाना उचलला. पहिल्या मॉकमध्ये ‘पा’ सर्वांत जास्त येतील अशी माझी खात्री आहे. चौथ्यापर्यंत ते निम्म्यावर यायला हवेत. ‘मा’ तर वाचून दोन दिवसांत मिटतात.

पास होण्याची टक्केवारी पीएमआय जाहीर करत नाही. माझा अंदाज विचारशील तर शेवटच्या दोन मॉकमध्ये ७० च्या आसपास असलास की निर्धास्त जा. स्टडी हॉलमधले ‘एक्स्पर्ट’ पातळीचे प्रश्न मुद्दाम आडवळणी असतात. ते चुकले म्हणून रडत बसू नकोस.

२५ आणि २६ नोव्हेंबरला फक्त वही आणि सूत्रं, रोज अर्धा तास. बुधवारची सेकंड शिफ्ट कुणाशी तरी बदलून घे.

परीक्षेचा दिवस

पासपोर्ट घे, अर्धा तास आधी पोच. घड्याळ उलटं चालतं: पहिल्या ६० नंतर १५४ मिनिटं उरलेली हवीत, १२० नंतर ७७. मागे पडलास तर लांबलचक प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाच. दोन्ही ब्रेक घे, ते परीक्षेच्या वेळातून कापले जात नाहीत.

निकालात टक्के नसतात, प्रत्येक डोमेनला अबव्ह टार्गेट ते नीड्स इम्प्रूव्हमेंट अशी पातळी असते. नापास झालास तरी अर्ज मंजूर झाल्यापासूनच्या वर्षात एकूण तीन प्रयत्न मिळतात. तेव्हा सर्वांत खालची पातळी असलेलं डोमेन घे आणि २७ ऑक्टोबरनंतरचा भाग तेवढाच पुन्हा कर. पास झालास तर सर्टिफिकेट टिकवायला तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, लागतात, त्याचं जानेवारीत बघू.